समभाग आणि कर्जरोखे : मालकाची मिळकत आणि सावकाराची मिळकत

बुलडाणा जिल्ह्यात खामगावच्या औद्योगिक वसाहतीत हिंदुस्थान लिव्हरचा साबणाचा कारखाना आहे. २००७ पासून ही कंपनी हिंदुस्थान युनिलिव्हर या नावाने ओळखली जाते. कारखान्यातून बाहेर पडणारी साबणाची वडी जिल्ह्यातील प्रत्येक घरात पोहोचते. मात्र त्या वडीतून होणारा नफा कोणाकडे आणि कोणत्या वाटेने जातो, याचा विचार सहसा केला जात नाही. समभाग आणि कर्जरोखा यांतील फरक समजून घ्यायचा तर या कंपनीइतके सोयीचे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. कारण २००३ साली तिच्या प्रत्येक भागधारकाच्या हाती एकाच वेळी हे दोन्ही कागद होते, आणि पुढच्याच वर्षी दोहोंचा स्वभाव उघड झाला.

एकाच हाती दोन कागद

कंपनीला पैसा देणारा माणूस दोनपैकी एका नात्याने देतो. समभाग घेतो तेव्हा तो कंपनीच्या मालकीत वाटेकरी होतो. कर्जरोखा घेतो तेव्हा तो कंपनीला कर्ज देणारा सावकार ठरतो. आपल्या भागात शेत बटाईने देणे आणि मक्त्याने देणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. बटाईने दिलेल्या शेतात कापूस चांगला झाला तर वाटा मोठा, बोंडअळीने खाल्ला तर वाटाही गेला. मक्त्याची रक्कम मात्र पीक कसेही येवो, ठरल्याप्रमाणे मिळायची असते. आणि भरघोस पीक आले म्हणून ती वाढतही नाही.

हिंदुस्थान लिव्हरकडे वर्षानुवर्षांच्या नफ्यातून मोठी गंगाजळी साठली होती. तिचा काही भाग भागधारकांना देण्यासाठी कंपनीने एक वेगळा मार्ग निवडला. एक रुपया दर्शनी किमतीच्या प्रत्येक समभागामागे सहा रुपये दर्शनी किमतीचा एक कर्जरोखा बोनस म्हणून, म्हणजे वेगळे पैसे न घेता, देण्यात आला. त्यावर द.सा.द.शे. ९ टक्के व्याज होते. कंपनीचे समभाग तेव्हा सुमारे २२० कोटी असल्याने या रोख्यांची एकूण रक्कम १,३२१ कोटी रुपयांच्या घरात गेली. फुकट मिळाला म्हणून तो देणगी ठरत नाही. तो साठलेल्या नफ्यातलाच वाटा होता. प्राप्तिकर कायदाही अशा बोनस रोख्यांना लाभांशच मानतो.

समजा, खामगावातील एखाद्या कुटुंबाकडे या कंपनीचे १०० समभाग होते. त्यांच्या हाती आता १०० समभाग आणि ६०० रुपयांचे कर्जरोखे असे दोन कागद आले. कंपनी तीच, कारखाने तेच, व्यवस्थापनही तेच. बदलले होते ते केवळ नाते : पहिल्या कागदाने हे कुटुंब मालक होते आणि दुसऱ्या कागदाने सावकार.

२००४ साली काय घडले?

मार्च २००४ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल या स्पर्धक कंपनीने एरियल आणि टाइड या धुलाई पावडरींचे दर एकदम खाली आणले. हिंदुस्थान लिव्हरलाही सर्फ एक्सेलचे दर उतरवणे भाग पडले. ग्राहकांना पावडर स्वस्त मिळाली, आणि त्याची किंमत कंपनीच्या नफ्याने मोजली. कंपनीचे आर्थिक वर्ष तेव्हा जानेवारी ते डिसेंबर असे. २००३ मध्ये निव्वळ नफा सुमारे १,७७२ कोटी रुपये होता. २००४ मध्ये तो सुमारे १,१९७ कोटींवर आला. दर समभागामागे हिशेब केला तर आठ रुपयांची मिळकत साडेपाच रुपयांच्याही किंचित खाली गेली.

आता आपल्या कुटुंबाचे दोन कागद शेजारी ठेवून पाहू. कर्जरोख्यांवर ६०० रुपयांचे ९ टक्के, म्हणजे वर्षाचे ५४ रुपये, ठरलेले होते. नफा एक तृतीयांशाने घटला तरी या ५४ रुपयांतला एक पैसाही कमी होणार नव्हता. व्याज हा कंपनीचा खर्च असतो. तो साबणाच्या तेलाच्या बिलाप्रमाणे किंवा कामगारांच्या पगाराप्रमाणे आधी भागवावा लागतो, आणि त्यानंतर जे उरते त्याला भागधारकांचा नफा म्हणतात. या रोख्यांवरील पूर्ण वर्षाचे व्याज सुमारे ११९ कोटी रुपये होते. म्हणजे सावकाराच्या नात्याने मिळालेले पैसे मालकाच्या नात्याने मिळायच्या पैशांतूनच आधी वजा झाले होते.

समभागांवर २००३ साठी दर समभागाला साडेपाच रुपये लाभांश मिळाला होता; २००४ साठी पाच रुपये मिळाले. शंभर समभागांचे ५५० रुपयांचे ५०० झाले. घट फार नाही असे वाटेल. परंतु लाभांश टिकवण्यासाठी कंपनीने जवळजवळ सगळा नफा वाटून टाकला होता, आणि बाजाराला ते दिसत होते. २००३ च्या अखेरीस दोनशे रुपयांच्या आसपास असलेला समभागाचा भाव २००४ च्या अखेरीस दीडशेच्या खाली होता. शंभर समभागांचे सुमारे २० हजार रुपयांचे मोल वर्षभरात १४-१५ हजारांवर आले. पाचशे रुपये लाभांश मिळाला आणि पाच-सहा हजार रुपये कागदावर गेले. त्याच वर्षी, त्याच कंपनीच्या कर्जरोख्याने ५४ रुपये दिले आणि ६०० रुपये मुद्दल कायम राखले. २००५ मध्ये ते मुद्दल कंपनीने परत केले आणि सावकारीचे नाते संपले.

येथेच लेख संपवला तर कर्जरोखा श्रेष्ठ असे वाटेल. परंतु हिशेबाचा दुसरा भाग यानंतर सुरू होतो.

समभाग पैसा कसा मिळवून देतो?

समभागधारकाची मिळकत दोन वाटांनी येते. एक म्हणजे लाभांश. कंपनीचे संचालक मंडळ नफ्यातून किती रक्कम वाटायची ते सुचवते आणि अंतिम लाभांशाला भागधारकांच्या वार्षिक सभेत मान्यता मिळते. ही रक्कम देण्याचे कोणतेही बंधन कंपनीवर नसते. दुसरी वाट भाववाढीची. न वाटलेला नफा कंपनी नव्या यंत्रांत, नव्या उत्पादनांत, नव्या बाजारपेठेत घालते. त्यातून पुढे नफा वाढला तर त्या वाढीव नफ्यातील वाट्यासाठी दुसरा माणूस अधिक किंमत द्यायला तयार होतो. ही भाववाढ कंपनी देत नाही. बाजारातला पुढचा खरेदीदार देतो. म्हणून समभाग विकेपर्यंत ती कागदावरच असते.

आपल्या कुटुंबाने ते १०० समभाग न विकता ठेवले, असे समजू. २००३ नंतरच्या वीस वर्षांत या कंपनीने बोनस समभाग दिले नाहीत आणि दर्शनी किमतीचे विभाजनही केले नाही. त्यामुळे हिशेब सरळ आहे. २०२३-२४ या वर्षासाठी कंपनीने दर समभागाला ४२ रुपये लाभांश दिला. शंभर समभागांचे ४,२०० रुपये झाले. २००३ साली याच समभागांवर ५५० रुपये मिळाले होते. मार्च २०२४ च्या अखेरीस भाव सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास होता, म्हणजे २० हजारांचे सुमारे सव्वादोन लाख झाले. लाभांश बाजूला ठेवला तरी ही वाढ वर्षाला बारा-तेरा टक्के चक्रवाढ दराची आहे. कर्जरोख्याचे ६०० रुपये मात्र २००५ साली ६०० रुपये म्हणूनच परत आले. कंपनी पुढे कितीही मोठी झाली तरी त्या वाढीत सावकाराचा वाटा नव्हता.

या आकड्यांवरून हुरळून जाण्यापूर्वी याच समभागाची आणखी एक हकीगत ध्यानात घ्यावी. २००० साली त्याचा भाव तीनशे रुपयांच्या वर गेला होता. त्या भावाला ज्यांनी खरेदी केली त्यांना तोच भाव पुन्हा पाहण्यासाठी सुमारे दहा वर्षे थांबावे लागले. कंपनी उत्तम होती, तिचे साबण विकले जात होते, लाभांशही येत होता. तरीही दहा वर्षे मुद्दल वाढले नाही, कारण खरेदी करतानाच पुढच्या अनेक वर्षांच्या नफ्याची किंमत आगाऊ मोजली गेली होती. शिवाय, आज आपण टिकून राहिलेल्या कंपनीकडे मागे वळून पाहत आहोत. त्याच काळात बाजारातून नाहीशा झालेल्या कंपन्यांचे समभागही कोणाच्या तरी कपाटात पडून आहेत.

कर्जरोखा पैसा कसा मिळवून देतो?

कर्जरोख्यावर तीन गोष्टी आधीच लिहिलेल्या असतात : दर्शनी किंमत, व्याजाचा दर आणि मुद्दल परतीची तारीख. मुदतीपर्यंत थांबणाऱ्याला ठरलेले व्याज आणि शेवटी दर्शनी किंमत मिळते. त्याची मिळकत एवढीच, आणि ती पहिल्या दिवशीच मांडता येते.

अडचण येते ती मुदतीपूर्वी पैसे हवे असतील तेव्हा. बँकेतील ठेव मोडता येते. रोखा मात्र बाजारात दुसऱ्याला विकावा लागतो, आणि तो दुसरा माणूस त्या दिवशीचे व्याजदर पाहून किंमत ठरवतो. समजा, १,००० रुपयांचा, वर्षाला ७ टक्के व्याजाचा आणि पाच वर्षे मुदत उरलेला एक रोखा आपल्याकडे आहे. दरम्यान बाजारात तशाच नव्या रोख्यांवर ९ टक्के मिळू लागले. नव्या रोख्यावर वर्षाला ९० रुपये मिळत असताना ७० रुपये देणारा आपला कागद कोणी हजाराला का घ्यावा? तो सुमारे ९२२ रुपयांनाच खपेल. ही ७८ रुपयांची सूट म्हणजे पाच वर्षांत कमी मिळणाऱ्या व्याजाची आज केलेली भरपाई. उलट, बाजारातील दर ५ टक्क्यांवर उतरले तर हाच कागद सुमारे १,०८७ रुपयांना जाईल. व्याजदर चढले की जुन्या रोख्यांचे भाव उतरतात आणि दर उतरले की भाव चढतात, हा या बाजाराचा मूळ नियम. मुदत जितकी लांब, तितका हा चढउतार मोठा. दहा-वीस वर्षांच्या सरकारी रोख्यातही म्हणूनच मधल्या काळात तोटा दिसू शकतो. सरकार पैसे बुडवणार नसले तरीही.

कर्जरोख्याचा दुसरा शत्रू महागाई. मक्त्याची रक्कम दहा वर्षांसाठी ठरवून टाकली आणि दरम्यान किराणा, शाळेची फी, औषधे सारेच दुप्पट झाले, तर रक्कम तीच राहते आणि तिची खरेदीशक्ती निम्मी होते. साबण विकणारी कंपनी साबणाची किंमत वाढवू शकते. रोखेधारकाला आपले व्याज वाढवून मागता येत नाही.

कंपनी बुडते तेव्हा

दोन कागदांमधला सर्वांत कठोर फरक कंपनी अडचणीत आल्यावर दिसतो. मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल, या गृहकर्ज कंपनीने मे २०१८ मध्ये सर्वसामान्यांसाठी कर्जरोखे विक्रीला आणले. त्यांना 'एएए' हे सर्वोच्च पतमानांकन होते. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला तिचा समभाग एका दिवसात चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळला. जून २०१९ मध्ये कंपनीने रोख्यांवरील व्याज चुकवले आणि नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सुमारे ८७ हजार कोटी रुपयांची देणी मान्य झाली. पिरामल समूहाने दिलेला प्रस्ताव ३७,२५० कोटींचा होता, आणि जून २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने तो मंजूर केला.

धनकोंच्या पदरी सरासरीने निम्म्याहूनही कमी पडले. प्रत्येकाचा वाटा त्याच्या कर्जाच्या प्रकारानुसार वेगळा होता. भागधारकांना काहीच मिळाले नाही. समभाग शून्य किमतीने रद्द झाले. त्याआधी काही महिने हा समभाग पंधरा-वीस रुपयांना मिळत होता, आणि 'पिरामलसारखा मोठा समूह येतो आहे, भाव वाढणारच' या आशेने अनेक लहान गुंतवणूकदार तो घेत होते. समूह आला, व्यवसायही चालू राहिला. पण जुन्या मालकांची मालकी संपली. देणी पूर्ण फिटल्याशिवाय मालकाच्या वाट्याला काही येत नाही, हा नियम त्यांनी पाहिला नव्हता.

याच प्रकरणातून रोखेधारकाने घ्यायचा धडा वेगळा आहे. सावकाराचा क्रम आधी असतो, याचा अर्थ त्याचे पैसे सुरक्षित असतात असा नाही. पतमानांकन हे त्या दिवशीचे मत असते. म्हणून रोखा घेण्यापूर्वी माहितीपत्रकात तो तारणयुक्त आहे की तारणरहित हे पाहावे, आणि त्याच मुदतीच्या सरकारी रोख्यापेक्षा तो किती जास्त व्याज देतो हे मोजावे. ही वाढीव टक्केवारी म्हणजे बक्षीस नव्हे. पैसे अडकण्याच्या शक्यतेची ती किंमत आहे.

पतसंस्थेचा 'शेअर' वेगळा

आपल्या जिल्ह्यात या विषयात एक गोंधळ नेहमी होतो. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या बुलडाणा अर्बनसह अनेक पतसंस्था येथे रुजल्या. कर्ज घेताना संस्थेचा 'शेअर' घेतलेली हजारो कुटुंबे आहेत, त्यामुळे 'शेअर तर आमच्याकडेही आहेत' असे सहज म्हटले जाते. परंतु सहकारी संस्थेचा भाग आणि शेअर बाजारातील समभाग यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. सहकारी संस्थेत भाग कितीही असोत, मत एकच. निबंधकांच्या खास मंजुरीशिवाय १५ टक्क्यांपेक्षा जास्त लाभांश देता येत नाही. बाजारात त्याचा भाव ठरत नाही. संस्था कितीही मोठी झाली तरी त्या वाढीतून सभासदाच्या भागाचे मोल समभागासारखे वाढत नाही.

पतसंस्थेतील ठेव ही मात्र जातकुळीने कर्जरोख्याजवळची : ठरलेला दर, ठरलेली मुदत, आणि आपण सावकार. बँकेतील ठेवीला २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत ठेवविम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांच्या ठेवींना हा विमा लागू नाही. पतसंस्था बँकेपेक्षा एक-दीड टक्का अधिक व्याज देते तेव्हा ते कशासाठी, याचे उत्तर यात आहे.

ज्यांना सावकारीच करायची आहे पण बुडण्याची धास्ती नको, त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या 'रिटेल डायरेक्ट' योजनेत घरबसल्या खाते उघडता येते. त्यातून केंद्र सरकारचे रोखे आणि महाराष्ट्रासह राज्यांचे विकास कर्जरोखे किमान १० हजार रुपयांपासून घेता येतात. व्याज दर सहामाहीला थेट बँक खात्यात जमा होते.

करानंतर हाती काय?

कर्जरोख्यांचे व्याज दरवर्षी उत्पन्नात मिळवले जाते आणि आपल्या टप्प्याप्रमाणे त्यावर प्राप्तिकर लागतो. एप्रिल २०२० पासून लाभांशाचेही तसेच आहे. त्याआधी लाभांशावरील कर कंपनीच भरत असे. भाववाढीवर मात्र विक्री होईपर्यंत कर नाही. जुलै २०२४ मध्ये बदललेल्या दरांनुसार, वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या समभागांच्या विक्रीतील सव्वा लाख रुपयांपर्यंतचा वार्षिक नफा करमुक्त असून त्यापुढील नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. वरच्या टप्प्यात असलेल्या पगारदाराचे ७ टक्के व्याज करानंतर पाच टक्क्यांच्या जवळ येते. महागाईशी तुलना याच आकड्याची करावी.

शेवटी प्रश्न उरतो तो तारखेचा. खामगावच्या त्या कुटुंबाला २००४ च्या डिसेंबरात मुलीच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी २० हजार रुपये भरायचे असते, तर समभाग दीडशेच्याही खाली विकावे लागले असते. पुढच्या वीस वर्षांतली वाढ तिच्या फीच्या कामी आली नसती. तेच पैसे वीस वर्षांनंतरच्या निवृत्तीसाठी असते, तर ९ टक्क्यांचा रोखा २००५ साली मुद्दल हाती ठेवून निघून गेला असता, आणि पुढे मिळेल त्या दराने पुन्हा नवा ऋणको शोधत बसावे लागले असते. ज्या रकमेची तारीख ठरलेली आहे आणि जवळ आहे, ती सावकाराच्या नात्याने द्यावी, तीही आपल्या तारखेच्या आधी मुदत संपणाऱ्या रोख्यात. ज्या रकमेला हात न लावता एखादे २००४ सोसता येईल, तीच मालकाच्या नात्याने गुंतवावी.